मदत हवी आहे: अर्जाच्या पत्रात वर्गाची प्रगती कशी मांडू?

मी मुंबईत एका अनुदानित मराठी शाळेत गणित शिकवते. आता एका सीबीएसई शाळेत अर्ज करतेय. कव्हर लेटर इंग्रजीत आणि एका पानात बसवायचं आहे.

‘दहावीचा निकाल 100 टक्के’ हे वाक्य मी काढून टाकलं. 35 गुणांवर पास होणारी मुलंही त्यात येतात, त्यामुळे माझ्या शिकवण्याबद्दल त्यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी आठवीच्या वर्गाचं एकच उदाहरण घेतलंय.

जूनच्या चाचणीत 42 पैकी 17 मुलांना भिन्न छेदांच्या अपूर्णांकांची बेरीज येत होती. बरीच मुलं 1/2 + 1/3 = 2/5 लिहीत, म्हणजे अंशात अंश, छेदात छेद मिळवत. मी कागदाच्या पट्ट्या दुमडून घेतल्या. 2/5 तर अर्ध्यापेक्षाही लहान आहे, हे मुलांनीच पट्टी लावून पकडलं. मग त्याच पट्ट्यांचे सहा-सहा भाग केले आणि 5/6 समोर दिसलं. दिवाळीआधी तेवढ्याच काठिण्याची, वेगळ्या आकड्यांची चाचणी घेतली, तेव्हा 34 जणांना जमलं.

तक्ता करून पाहिला, तर अर्धं पान गेलं. नुसते आकडे दिले, तर पद्धत दिसेना. मुलांची नावं कुठेही देणार नाही. काही मुलं क्लासलाही जातात, त्यामुळे सगळं श्रेय माझं म्हणणं मला पटत नाही.

शिक्षक निवडीच्या मुलाखती घेतलेल्यांनी कृपया सांगा: क्लासची ही मर्यादा पत्रातच एका वाक्यात लिहावी, की मुलाखतीत विचारल्यावर सांगावी?