एका बॅचचा नफा गुणिले वीस वर्षं, हा शेडचा हिशोब नव्हे

नवी_सुरुवात (सिन्नर):
५,००० ब्रॉयलर कोंबड्यांचं शेड, भांडी-पडद्यांसकट खर्च १५ लाख. पिल्लं, खाद्य, औषध कंपनीचं, आपण फक्त सांभाळायचं. बॅचला ६० हजार सुटतात, वर्षाला ६ बॅच, म्हणजे ३ लाख ६० हजार. चार वर्षं दोन महिन्यांत शेड फिटलं, पुढची सोळा वर्षं निव्वळ नफा. लोक एवढा विचार का करत बसतात?

माळरान (संगमनेर):
दादा, हे वाचून काल रात्री झोप लागली नाही. २०१४ साली नेमक्या याच हिशोबावर मी कर्ज काढलं होतं, म्हणून सविस्तर लिहितो.

सहा बॅच कागदावर बसतात. पक्षी ४०-४२ दिवस, कंपनीने पक्षी उचलायला तीन-चार दिवस, मग खत काढणं, धुणं, चुना मारणं आणि शेड पंधरा दिवस रिकामं ठेवणं. पण पुढची पिल्लं कधी टाकायची हे आपल्या हातात नसतं. बाजार पडला की कंपनी पिल्लं लांबवते. शेड झाडून, तूस पसरून मी महिना-महिना वाट पाहिली आहे. इतक्या वर्षांत सहा बॅच दोनदाच झाल्या. पाच धरा.

आता एक बॅच. पाच टक्के मरतूक धरून ४,७५० पक्षी, सरासरी २ किलो १०० ग्रॅम, म्हणजे जवळजवळ १०,००० किलो. कंपनीचा ग्रोइंग चार्ज किलोला ७ रुपयांनी ७० हजार. कोंबडखत आणि रिकाम्या गोण्यांचे १० हजार. त्यातून तूस, पिल्लांना ऊब द्यायचा ब्रूडिंगचा कोळसा, वीज, चुना, फवारणी मिळून २६ हजार वजा. उरले ५४ हजार, वर्षाचे २ लाख ७० हजार.

तुमचं कर्ज ११ टक्क्यांचं असेल तर पुढच्या प्रत्येक वर्षाचा पैसा त्याच दराने आजच्या किमतीत आणायला हवा. विसाव्या वर्षीचे २ लाख ७० हजार आज साडेतेहेतीस हजारांच्या तोलाचे आहेत. वीसही वर्षांची बेरीज करून त्यातून शेडचा खर्च वजा करायचा, उरते ती एनपीव्ही:

```
=PV(0.11,20,-270000)-1500000
```

उत्तर साधारण साडेसहा लाख येतं. शेड तोट्यात नाही. पण तुमच्या डोक्यात सोळा वर्षांचे ५७ लाख आहेत आणि खरी एनपीव्ही साडेसहा लाख. यात भांड्यांची बदली धरलेली नाही. फीडर-ड्रिंकर सातव्या आणि चौदाव्या वर्षी दीड-दीड लाखाला बदलले तर आजच्या किमतीत आणखी एक लाख सात हजार गेले.

जुना_शाखाधिकारी:
मी सत्तावीस वर्षं शेतीकर्जं तपासली आहेत. पद्धत बरोबर आहे, पण घाबरवू नका. मरतूक पाचावरून बारा टक्के झाली तरी उत्पन्न सात टक्क्यांनीच घटेल. सत्तर हजारांत पाच हजार गेले. एवढ्याने प्रकल्प बुडत नाही.

माळरान:
साहेब, प्रकल्प अहवालात मीही असंच लिहिलं होतं आणि बँकेने ते मान्यही केलं होतं. पण पक्षी कितव्या दिवशी मेला ते अहवालात कुठेच नसतं.

ग्रोइंग चार्जचा दर ठरतो उत्पादन खर्चावर. समजा हा खर्च किलोला ८५ रुपये आहे. जास्तीची ३५० पिल्लं पहिल्या आठवड्यात गेली, तर त्यांनी खाद्य खाल्लेलंच नसतं. पिल्लाची किंमत तेवढी उरलेल्या पक्ष्यांवर पडते आणि खर्च दोनेक रुपयांनी वाढतो. तेच ३५० पक्षी अडतिसाव्या दिवशी मेले, तर प्रत्येकाने तीन किलो खाद्य खाऊन झालेलं असतं. खाद्याचा सगळा खर्च तोच, वजन मात्र ७३५ किलोंनी कमी. खर्च किलोला सहा रुपयांहून जास्त वाढतो. माझ्या करारात वाढीच्या निम्मी रक्कम ग्रोइंग चार्जमधून कापतात, पण ५ रुपयांच्या खाली जात नाहीत. म्हणजे ७ चा दर थेट ५ वर. ९,२४० किलोंचे ४६ हजार हातात, जिथे ७० यायचे होते. पाच नाही, चोवीस हजार गेले.

मरतुकीचा आकडा दोन्ही बॅचमध्ये बाराच टक्के. सुपरवायझरच्या वहीत दोन्ही सारख्याच दिसतात.

जुना_शाखाधिकारी:
दिवसाचा मुद्दा मान्य. आमच्या तपासणीच्या नमुन्यात तो रकाना नव्हता, हेही खरं. पण प्रत्येक कराराची कपात वेगळी असते, तुमची अट सगळ्यांना लावू नका.

अकोलेकर:
भाऊ, अडतिसाव्या दिवसाचं मी सांगतो. ३,००० पक्षी, मे महिना. दुपारी एक वाजता लाइन गेली ती चारला आली. फॉगर बंद, पंखे बंद. पक्षी आधी पंख पसरून धापा टाकतात, तोवर वेळ असतो. मग आवाज थांबतो. शेड शांत झालं की समजायचं, हातातून गेलं. अंगाने भारी नर आधी पडले. मी आणि भाऊ बादल्यांनी पाणी मारत होतो, पण आतली हवाच हलत नव्हती, ओल्याने उलट दमट झालं. ७०० मेले. रात्रभर खड्डा खणून चुना टाकून पुरले. सुपरवायझर दुसऱ्या दिवशी आला आणि म्हणाला, सकाळीच खाद्य का नाही उचललं. बरोबर होतं त्याचं. भर उन्हात पोट भरलेला पक्षी आधी जातो. पण हे तो एप्रिलमध्ये बोलला नव्हता.

माळरान:
वाचून पोटात तुटलं, भाऊ. दर वर्षी उन्हाळ्याची एक बॅच अशी धरली तर २४ हजार वजा, एनपीव्ही साडेसहावरून साडेचार लाखांच्या आसपास येते. मी उलटा हिशोब करून पाहिला. छपरावर स्प्रिंकलर आणि छोटा जनरेटर मिळून मला ८० हजार लागले. निम्मं नुकसान टळलं, म्हणजे वर्षाला १२ हजार वाचले, तर वीस वर्षांचे आजच्या किमतीत ९५ हजार होतात. डिझेल धरलं तर जेमतेम बरोबरी. पण तुमच्याकडचं ऊन माझ्यापेक्षा कडक, तुमच्याकडे तो खर्च निघेल. पत्र्यावर पाचट टाकणं मात्र कुठेही परवडतं.

गावरान_प्रेमी:
म्हणूनच सांगतो, ब्रॉयलर सोडा. माझ्याकडे २०० गावरान आहेत, अंडं १५ रुपयांना जातं, ना कंपनी ना करार.

नवी_सुरुवात:
दादा, २०० पक्ष्यांवर १५ लाखांचं शेड नाही उभं राहत. विषय शेडचा चालला आहे.

ताई_निफाड:
मला एक विचारायचं आहे. माळरान दादांनी २६ हजारांत तूस धरलं, कोळसा धरला. रात्री दोन वाजता उठून ब्रूडरचं तापमान कोण बघतं? आमच्याकडे मी बघते. पहिले दहा दिवस मी शेडवरच झोपते. पिल्लं एका कोपऱ्यात गोळा झाली की थंडी, ब्रूडरपासून लांब पळाली की उष्णता, हे मला आवाजावरून कळतं. आठ वर्षांत एकाही हिशोबात माझी मजुरी कुणी लिहिली नाही.

हिशोबी_पाटील:
ताई, घरच्यांची मजुरी कुणीच धरत नाही. उसात धरतो का? कांद्यात धरतो का? खिशातून जातच नाही तो खर्च कसा? असं धरायला लागलो तर महाराष्ट्रात एकही धंदा फायद्यात निघणार नाही.

ताई_निफाड:
मग नका निघू देऊ फायद्यात! खोटा फायदा दाखवून पुढच्या माणसाला कर्जात का ढकलता? मी त्या वेळात द्राक्षांच्या छाटणीला गेले असते तर रोख मजुरी आली असती. शेडमुळे जाता येत नाही, ती मजुरी बुडाली. खिशातून गेली नाही, खिशात आली नाही, फरक काय?

हिशोबी_पाटील:
छाटणी वर्षभर नसते. रिकाम्या वेळाची किंमत छाटणीच्या दराने लावणं चूक आहे.

ताई_निफाड:
रिकामा वेळ? ४२ दिवस मी माहेरी गेले नाही, आईच्या आजारपणातसुद्धा. तुमच्या घरच्यांना विचारून मग लिहा.

माळरान:
पाटील, आवाज खाली घ्या. ताईंचं बरोबर आहे आणि चूक माझी आहे. माझ्याकडेही बायकोच बघते आणि मी ते लिहिलं नाही. आता लिहितो. दोघांचे बॅचला फक्त २० हजार धरले, वर्षाचे एक लाख, तर १ लाख ७० हजार उरतात. त्यांची आजची किंमत साडेतेरा लाख. शेड १५ लाखांचं. एनपीव्ही उणे दीड लाख. उन्हाळ्याची बॅच न धरताच.

म्हणजे साडेसहा लाखांचा फायदा शेडने नाही, आमच्या दोघांच्या फुकट राबण्याने दिला.

हिशोबी_पाटील:
आकडा मान्य करतो, निष्कर्ष नाही. दुसरं काम नसलेल्या कोरडवाहू गावात वीस हजार फार झाले. दहा धरा, उत्तर परत अधिकमध्ये येतं.

जुना_शाखाधिकारी:
दहा धरले तर २ लाख २० हजारांवर अडीच लाख अधिक येतात, हे बरोबर. पण मला ११ टक्क्यांबद्दल बोलायचं आहे. त्या दरात महागाई आलेली आहे आणि तुम्ही मात्र ७ रुपये वीस वर्षं गोठवले. हे विसंगत आहे. शिवाय ज्याचा पैसा स्वतःचा, ठेवीत ७ टक्क्यांनी पडून आहे, त्याला ७ लावा. मग पूर्ण मजुरी धरूनही १ लाख ७० हजारांवर तीन लाख अधिक येतात.

माळरान:
गोठवलेल्या दराचं मानावं लागेल. पण कोळसा, तूस, मजुरीही तिथे गोठवली आहे, आणि माझ्या शेडवर ती ग्रोइंग चार्जपेक्षा वेगाने वाढली. ठेवीचा दर मात्र मला पटत नाही. ठेवीला बर्ड फ्लू होत नाही. २००६ च्या फेब्रुवारीत नवापूरला काय झालं ते तुम्ही पाहिलंय. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तर रोगही नव्हता, कोंबडीतून कोरोना होतो ही नुसती अफवा होती, तरी माझं शेड चार महिने रिकामं राहिलं आणि हप्ता चालूच.

त्यातही असं वर्ष कधी येतं यावर सगळं आहे. पूर्ण वर्ष बुडालं आणि ते दुसरं असलं, तर आजच्या किमतीत २ लाख १९ हजार गेले. पंधरावं असलं तर ५६ हजार. नव्या शेडला पहिल्या तीन वर्षांचीच भीती असते, तेव्हाच हप्ताही पूर्ण असतो.

जुना_शाखाधिकारी:
मग ९ धरा आणि वाईट वर्षं वेगळी दाखवा. जोखीम दरातही आणि उत्पन्नातही, अशी दोनदा मोजू नका.

माळरान:
वाईट वर्ष दाखवायला कुणी तयार असेल तर धरतो ९. अहवाल लिहिणारे ते कधीच दाखवत नाहीत.

नवी_सुरुवात:
मला वाटलं होतं लोक उगाच घाबरतात. ६० हजारांचा आकडा मी शेजारच्या एका शेडवरून घेतला होता. आज जाऊन विचारलं, तो हिवाळ्याच्या बॅचचा निघाला. मे महिन्याची पट्टी मागितली तर म्हणाले, शोधून देतो. आणि वहिनी मागून म्हणाल्या, दोन्ही पट्ट्या माझ्याकडे आहेत, उद्या सकाळी या.