मदत हवी आहे: यूपीआय अ‍ॅपचा व्हेरिफिकेशन मेसेज चुकीच्या सिमवरून जातोय

मोगरा_सातारा: आईच्या नवीन अँड्रॉइड फोनमध्ये दोन सिम आहेत, सिम १ वर नेट चालतं आणि सिम २ चा नंबर बँकेत दिलेला आहे. यूपीआय अ‍ॅप टाकताना सिम २ निवडलं, मेसेज पाठवतोय असं दिसलं आणि मग म्हणे या नंबरवर खातंच नाही. बॅलन्स बघितला तर पैसे सिम १ चे कापलेत! पेन्शन याच खात्यात येते हो, कोणाला माहिती असेल तर प्लीज सांगा.

रानवारा: कोड सिम २ वर आला असेल, तो बघून हाताने टाका ना. माझ्या काकूंचा चॅट अ‍ॅपचा कोड असाच दुसऱ्या फोनवर गेला होता, काकांनी फोनवर वाचून दाखवला, झालं काम.

मोगरा_सातारा: कोड येतच नाहीये दादा, टाकायला जागाच नाही.

बाभूळबन: सिमची अदलाबदल करा, बँकेचं सिम स्लॉट १ मध्ये टाका. माझं तसंच झालं होतं.

टॉवरखाली: त्याने होईलही, पण स्लॉटचा दोष नाहीये. यूपीआयमध्ये कोड आपल्याकडे येत नाही, उलट आपल्याच फोनवरून एक मेसेज बाहेर जातो आणि तो ज्या नंबरवरून पोचला तोच तुमचा नंबर धरला जातो. काही फोनमध्ये अ‍ॅपमध्ये काहीही निवडा, सेटिंगमध्ये मेसेजसाठी जे सिम ठरवलंय त्यावरूनच तो जातो. आधी मेसेज अ‍ॅप उघडा, अर्थ न लागणाऱ्या अक्षरांचा एक पाठवलेला मेसेज असेल, त्याच्याजवळ सिम १ की २ ते दिसतं. मग सिमच्या सेटिंगमध्ये जाऊन मेसेजसाठी सिम २ करा, नाही जमलं तर सिम १ तेवढ्यापुरतं बंद करून नेट वायफायवर घ्या. आणि सिम २ वरून साधा मेसेज जातो का ते नक्की बघा, रिचार्ज संपलेला असेल तर येणारे मेसेज येत राहतात पण जाणारा अडकतो.

मोगरा_सातारा: मेसेज सिम १ वरूनच गेलेला दिसतोय! आणि सिम २ वरून साधा मेसेजही जात नाहीये, कालच दुकानातून त्याच नंबरचं नवीन सिम बदलून आणलंय.

टॉवरखाली: मग आज थांबा ताई. सिम बदललं की २४ तास मेसेज बंद असतात, फसवणूक होऊ नये म्हणून. उद्या सेटिंग बदलूनच करा, उगाच परत परत दाबू नका, तात्पुरतं लॉक होतं.

मोगरा_सातारा: झालं!! आज सेटिंग बदललं आणि पहिल्याच वेळी खातं दिसलं, खूप आभार. फक्त एक, सिम १ वर बाबांचं खातं दुसऱ्या अ‍ॅपमध्ये घ्यायचंय, त्यासाठी सेटिंग परत फिरवलं तर आईचं अ‍ॅप पुन्हा व्हेरिफाय मागेल का?

टॉवरखाली: नुसतं सेटिंग फिरवल्याने माझ्याकडे तरी मागितलं नाही, सिम २ काढलं तेव्हा मात्र मागितलं.

बाभूळबन: माझ्याकडे सेटिंग बदलल्यावरही मागितलं होतं. फोन कोणता आहे तुमचा?