कोथरूडचा फ्लॅट, 2001 चं मूल्यांकन: सही करू का?

सुमेधा:
बाबांच्या फ्लॅटच्या विक्रीतल्या नफ्यावरचा कर काढायला त्याची 2001 ची किंमत हवीय. त्यासाठी अविनाशदादांनी सुचवलेल्या मूल्यांककांचा अहवाल काल आला. 1 एप्रिल 2001 ला बाबांच्या फ्लॅटची किंमत त्यांनी 12,48,000 धरलीय, म्हणजे 780 चौरस फूट बिल्टअप गुणिले 1,600. सीए म्हणतात, त्या वर्षीच्या रेडी रेकनरने दर 1,100 च येतो. शुक्रवारपर्यंत कळवायचंय.

अविनाश:
ते नोंदणीकृत आहेत, 30 वर्षं हेच काम करतात. रेकनर स्टॅम्प ड्युटीसाठी असतो, बाजारभाव वेगळा. काकांचा असाच अहवाल 2018 मध्ये बिनबोभाट चालला. सीएंनी हिशेब बघावा, किंमत काढणं त्यांचं काम नाही.

नीलिमा:
2018 मध्ये चालला, कारण अट 2020 च्या अर्थसंकल्पात आली. जमीन किंवा इमारतीची 2001 ची किंमत आता त्या दिवशीच्या मुद्रांक मूल्याच्या, म्हणजे रेकनरने येणाऱ्या किमतीच्या, वर धरता येत नाही. 1,100 चा दर बरोबर असेल तर सुमेधाची मर्यादा 8,58,000. वरचे 3,90,000 नफ्यात जातात आणि 12.5 टक्क्यांनी 48,750 कर वाढतो, सेस वेगळा. बाजारभाव 1,600 असेलही, पण करासाठी काढलेल्या अहवालात या अटीचा उल्लेखच नसेल तर मला त्या अनुभवाचा भरवसा वाटत नाही. सुमेधा, विक्रीचे दाखले कुठले दिलेत?

प्रकाश:
बँकेच्या पॅनेलवरचा माणूस घे. आमच्या औंधच्या फ्लॅटला गिऱ्हाईक 95 लाख देत होतं, त्याने 82 लिहिले. कर्ज बुडालं तर घाईत विकून किती येतील, हे तो बघतो. फुगवून लिहीत नाही.

सुमेधा:
प्रकाशकाका, तो आजचा भाव झाला, मला 2001 चा हवाय. नीलिमाताई, दाखले तीन आहेत. दोन 2004 चे, तिसऱ्यापुढे नुसतं 'स्थानिक चौकशीवरून'. फी मूल्याच्या अर्धा टक्का. रेकनरचा उल्लेख नाही.

नीलिमा:
2004 वरून 2001 ला येताना किती वजा केलं, ते दाखवलंय का? नसेल तर 1,600 आधी ठरला आणि दाखले मागून शोधले, असंच मी समजेन. एप्रिल 2001 च्या आसपासच्या नोंदणी झालेल्या विक्रीचे इंडेक्स टू क्रमांक लेखी माग, प्रामाणिक माणूस ते देतो. आणि आकडा वाढला की फीही वाढते, तेव्हा ठरावीक रकमेवर बोल.

अविनाश:
फी ठरली तेव्हा मी होतो, त्यात लपवाछपवी नव्हती. अशा शंका काढल्या तर पुढे पुण्यातलं नाव सुचवायला कोणी पुढे येणार नाही.

नीलिमा:
शंका अहवालावर आहे, तुमच्यावर नाही.

सुमेधा:
दादा, राग नको. शुक्रवारी सही करत नाही. भाऊ मंगळवारी हवेलीच्या दुय्यम निबंधक कार्यालयात रेकनरच्या 2001 च्या तक्त्याची प्रत मागणार आहे. इमारत 1988 ची, तेव्हाच्या कागदांवर जुना सर्व्हे नंबर आहे. तक्त्यात तो कुठल्या विभागात येतो, कोणाला सांगता येईल?