३७.५ लो बो हॉकी स्टिकने फटका उडतोय, पुढची स्टिक कोणती घ्यावी?

सेंटरहाफ_१६८
मंडळी, सल्ला हवा आहे. क्लबकडून सेंटर हाफ खेळते. आठवड्याला दोन सराव आणि एक सामना, सगळं टर्फवर. उंची १६८ सेंमी. सध्याची स्टिक ३७.५ इंच, लो बो म्हणजे शाफ्टची कमान हेडजवळ, मॅक्सी हेड, जवळजवळ पूर्ण कार्बन.

अडचणी दोन. फ्री हिट जोरात मारला की चेंडू गुडघ्याइतका उडतो आणि अंपायर शिट्टी वाजवतात. शिवाय चेंडू घेऊन पळताना ग्रिपचं टोक पोटाला लागतं आणि डावं कोपर बाहेर निघतं. बजेट मधल्या रेंजचं, त्यावर एक पैसाही नाही. लांबी, बो आणि हेड, तिन्हींबद्दल सांगा. ड्रॅग फ्लिक मी मारत नाही, निदान अजून तरी.

कॉर्नर_फ्लिकर
लो बो सोडू नका. माझी ३७.५ ची आहे, शंभर टक्के कार्बन, कंपनीचं सगळ्यात वरचं मॉडेल. त्यानंतर दुसऱ्या कुठल्या स्टिकला हात लावला नाही. थोडे पैसे जास्त जातील, पण स्टिक रोज घेत नाही आपण. फटका उडतो तो तंत्रामुळे.

उजवी_बगल
लांबी चुकली आहे. स्टिक समोर उभी धरायची, टोक कमरेच्या हाडापर्यंत आलं की झालं. १६८ ला ३६.५. उडण्याचं कारण कार्बन. कडक स्टिकवरून चेंडू उसळतो. कार्बन कमी असलेली घ्या, चेंडू आपोआप खाली बसेल.

मागची_फळी
लांबीबद्दल उजवी_बगल यांच्याशी सहमत, कार्बनबद्दल नाही. कार्बन वाढला की स्टिक कडक होते, चेंडू जास्त वेगाने सुटतो आणि ट्रॅप करताना हातातून सटकतो. पण चेंडू वर जायचा की जमिनीलगत, हे हेडचा सपाट चेहरा चेंडूला लागताना कुठे बघतोय त्यावर ठरतं. तो चेहरा बो फिरवतो.

स्टिक सपाट बाजू खाली करून टेबलावर ठेवा. मधे कमानीसारखी फट दिसेल. नियमाप्रमाणे ही फट जास्तीत जास्त २५ मिमी, आणि कमानीचा सर्वोच्च बिंदू हेडच्या तळापासून २०० मिमीच्या आत नको. लो बो स्टिक या दोन्ही मर्यादांना जवळजवळ टेकलेली असते. म्हणजे २०० मिमीत २५ मिमी उतार, साधारण ७ अंश. साध्या बोमध्ये २० मिमीची कमान ३०० मिमीवर असते, तिथे उतार जेमतेम ४ अंश. हात दोन्हींत सारखेच धरले तरी लो बोचं हेड थोडं आभाळाकडे बघत चेंडूपाशी येतं.

ड्रॅग फ्लिकमध्ये हेच हवं असतं. चेंडू त्या खोलगट भागात बसून शाफ्टवरून घरंगळतो आणि शेवटी उचलला जातो. सेंटर हाफ दिवसभर सपाट पास मारतो, त्याला हा उतार आडवाच येतो. मैदानात गोलवरचा शॉट सोडून हिट मुद्दाम उचलायला परवानगी नाही, आणि मुद्दाम नसला तरी समोर माणूस असेल तर धोकादायक ठरतो.

माझं मत: ३६.५, स्टँडर्ड बो, मिडी हेड, कार्बन निम्म्याच्या आसपास. हे मधल्या रेंजमध्ये बसतं.

कॉर्नर_फ्लिकर
७ आणि ४. तीन अंशांनी काय होतं?

मागची_फळी
जमिनीलगतच्या फटक्यात तीन अंश पुष्कळ होतात. चेंडू चेहऱ्याच्या दिशेने निघतो. १० मीटरवर तीन अंशांचा फरक म्हणजे अर्ध्या मीटरच्या आसपास उंची. घर्षणाने आणि गुरुत्वाने त्यातलं बरंचसं कमी होतं, पण धागाकर्तीचा गुडघ्याइतका चेंडू यातच बसतो. पेनल्टी कॉर्नरवर पहिला शॉट हिट असेल तर तो गोलरेषेवर ४६० मिमीच्या खाली लागतो, तिथेही हाच हिशोब आडवा येतो.

आईबाबा_टीम
चांगला धागा. आमची लेक ११ वर्षांची, उंची १४२. दुकानदार म्हणतो ३६.५ घ्या, वाढेल त्यात. घ्यावी का?

उजवी_बगल
नको. वाढत्या वयात मोठी स्टिक दिली की मूल हात आखडून खेळतं आणि तीच सवय लागते. ३४ च्या आसपास बघा, जड नको. पण वेगळा धागा काढा, इथे मोठ्यांचं चाललंय.

सेंटरहाफ_१६८
टेबलावर ठेवून मोजली. पट्टी फटीत घालत दर दोन सेंमीला बघितलं. सगळ्यात मोठी फट २४ मिमी, हेडच्या तळापासून २१ सेंमीवर. म्हणजे अगदी लो बोच.

मागची_फळी
मग मिस्ट्री उरली नाही. आता लांबी. कमरेच्या हाडाची पद्धत बरी आहे, पण कुठलं हाड हे प्रत्येक जण वेगळं धरतो, म्हणून तिच्यावर एकट्यावर विसंबू नका. दुसरी पद्धत, हेड काखेत ठेवून स्टिक खाली सोडायची, टोक गुडघ्याच्या वरच्या कडेजवळ यायला हवं. तिच्यातही दोन सेंमी इकडेतिकडे होतात.

खरी परीक्षा खेळताना उभे राहता त्या स्थितीत. बूट घाला, गुडघे वाकवा, चेंडू उजव्या पायाच्या पुढे, थोडा बाहेर ठेवा. डावा हात ग्रिपच्या टोकाशी. आता कुणाला तरी हेडकडे बघायला सांगा. स्टिक जास्त लांब असेल तर पोट वाचवायला हात पुढे आणि खाली जातात, शाफ्ट आडवा होतो आणि हेडचं टोक टर्फवरून उचललं जातं. टोकाखाली पत्त्यांतला पत्ता सरकला तर लांबी तुमच्यासाठी जास्त. अशा वेळी चेंडू हेडच्या टाचेकडे लागतो आणि पास उजवीकडे सुटतो. तसं होतंय का बघा.

सेंटरहाफ_१६८
पत्ता सरकतो! पासही उजवीकडे जातात, मला वाटायचं मनगट सैल पडतं.

जुनी_लाकडी
एवढा खर्च कशाला. वरून एक इंच करवतीने कापा. टोकाचं बूच परत बसवा, ग्रिप नव्याने गुंडाळा. अर्ध्या तासाचं काम. मी लाकडी स्टिक अशाच कापल्या.

उजवी_बगल
लाकडी ठीक आहे. कंपोझिट कापली की कार्बनचे धागे उघडे पडतात, धूळ नाकात जाऊ द्यायची नसते, वॉरंटीही जाते. आणि वरून वजन गेलं की स्टिक हेडकडे जड लागते.

मागची_फळी
शिवाय बो तिथेच राहतो. कापल्याने टोक पोटाला लागायचं थांबेल, फटका उडायचा थांबणार नाही. कापायच्या ऐवजी आधी अंदाज घ्या. टोकापासून एक इंच खाली रंगीत टेप लावा आणि दोन सराव डावा हात टेपच्या खाली ठेवून खेळा. वरचा इंच मोकळा राहतो म्हणून वजनाचा अंदाज किंचित फसतो, पण कोपर आत येतं का, पत्ता थांबतो का, हे कळतं.

रिव्हर्स_राणी
हेडबद्दल कुणीच बोलत नाहीये. मी मॅक्सीवर आहे आणि सोडणार नाही. उलट्या बाजूला चेंडू अडवताना मोठं हेड वाचवतं. लांबीत मिडीपेक्षा अर्ध्या सेंमीच्या आसपास जास्त असतं, पण मैदानात फरक कळतो. हुक त्याहून चांगलं म्हणतात, अजून घेतलं नाही.

मागची_फळी
हुकचं टोक वर वळलेलं असतं, त्यामुळे स्टिक उभी धरून अडवताना चेंडूला खोबण मिळते. पण उजव्या-डाव्या बाजूला झटपट फिरवताना तेच टोक अडतं. सेंटर हाफला वळणं जास्त, म्हणून मिडी. मॅक्सी चूक नाही, सवयीचं असेल तर ठेवा. इथे माझा आग्रह बोइतका नाही.

कॉर्नर_फ्लिकर
+१ मॅक्सी. आणि परत सांगतो, लो बो ठेवा. चेंडू थोडा मागे घ्या, हात चेंडूच्या पुढे येऊ द्या, चेहरा बंद होतो. मी सगळे फटके असेच मारतो.

मागची_फळी
हे मात्र बरोबर आहे. फटक्याच्या वेळी हात चेंडूपेक्षा पुढे असले की शाफ्ट पुढे झुकतो आणि उतार भरून निघतो. चेंडू डाव्या पायाच्या पुढे असेल तर पायाच्या रेषेत आणा, मुठीएवढं अंतरही पुरतं. धागाकर्ती, २० फटके मारून बघा. पाच मीटरवर आडवी स्टिक ठेवा, तिच्यावरून गेला तर उडाला समजा. आधी नेहमीच्या जागेवरून २०, मग मागे घेऊन २०.

उजवी_बगल
मिड बो घ्या, वाद मिटला. २४ मिमी, २५० च्या जवळ. दोन्हींतलं थोडंथोडं.

सेंटरहाफ_१६८
दोन सराव झाले. टेपच्या खाली हात ठेवल्यावर कोपर आत आलं, पत्ता सरकत नाही, पास सरळ गेले. फटके: नेहमीच्या जागेवरून २० पैकी ९ उडाले. चेंडू मुठीएवढा मागे घेतल्यावर २० पैकी ३.

तेव्हा ठरवलं. ३६.५ घेतेय, मिडी हेड, कार्बन निम्मं, बजेटमध्ये. पण बो लोच ठेवतेय. आमच्या संघात ड्रॅग फ्लिक मारणारं कुणी नाही आणि पुढच्या मोसमात मला तो शिकायचा आहे. रागावू नका.

कॉर्नर_फ्लिकर
म्हटलं होतं! पण ३७.५ घ्यायला हवी होती.

मागची_फळी
रागावत नाही, मोजून घेतलेला निर्णय आहे. एकच लक्षात असू द्या. तुमचे ४० ही फटके थांबलेल्या चेंडूवर होते. पळताना किंवा दमल्यावर पाय पोचत नाही, चेंडू पुढे राहतो आणि तो ९ चा आकडा परत येतो. सामन्याच्या शेवटच्या टप्प्यात, समोर माणूस असेल तेव्हा हिटऐवजी स्लॅप मारा किंवा पुश करा. स्टिक आल्यावर आधी टेबलावर ठेवून फट मोजा, कारण लो बो हा शब्द प्रत्येक कंपनी आपल्या हिशोबाने लिहिते.

रिव्हर्स_राणी
मिडी का पण?

सेंटरहाफ_१६८
वळताना टोक अडतं हे खरं निघालं. संघातल्या एकीची मिडी घेऊन अर्धा तास खेळले. स्टिक आली की फट मोजून इथे लिहिते.