सल्ला हवा: अक्कलकोट–गाणगापूर–तुळजापूर–पंढरपूर, ११ जण, मोबाइलवर वाचता येईल अशी स्लाइड-फाइल

विश्रामबाग_सांगली
नमस्कार मंडळी. भाऊबीज झाली की पुढच्या आठवड्यात सांगलीहून टेम्पो ट्रॅव्हलरने निघतोय. ११ जण आहोत. त्यात चार ज्येष्ठ (सासऱ्यांना इन्सुलिन, आत्याबाईंची अँजिओप्लास्टी झालेली), पाच मोठे आणि दोन शाळकरी मुलं. बेत असा: गुरुवारी अक्कलकोट, शुक्रवारी तुळजापूर, शनिवारी गाणगापूर, रविवारी पंढरपूर करून घरी.
याची ३४ स्लाइडची फाइल केली आहे. रोजचा कार्यक्रम, खोल्यांची बुकिंगं, अडीअडचणीचे नंबर, मंदिरांचे फोटो असं सगळं आहे. पण सासऱ्यांच्या फोनवर अक्षरं दिसत नाहीत आणि फाइल उघडायलाच वेळ लागतो. काय ठेवू, काय काढू?

कृष्णाकाठचा
ताई, आधी फाइल बाजूला ठेवा आणि वार बघा. तुमच्या बेतात गाणगापूर सोडलं तर प्रत्येक ठिकाण त्याच्या गर्दीच्या दिवशी आलंय. गुरुवारी अक्कलकोट तुडुंब असतं. तुळजापूरला मंगळवार, शुक्रवार आणि रविवारी रांग लांबते. आणि पंढरपूरचं तर विचारूच नका: पाडवा म्हणजे कार्तिक शुद्ध प्रतिपदा, तिथून दहाव्या दिवशी कार्तिकी एकादशी. भाऊबिजेनंतरचा आठवडा म्हणजे नेमके यात्रेचे दिवस. त्या दिवसांत देवाचा पलंग निघतो, दर्शन रात्रंदिवस चालू असतं, तरी पदस्पर्शाची रांग ज्येष्ठांना झेपणारी नसते.
माझं मत स्पष्ट आहे. या फेरीतून पंढरपूर काढा. सांगलीहून ते १३०-१३५ किलोमीटर, म्हणजे सकाळी निघून रात्री परत येण्याजोगं. यात्रा ओसरली की एका साध्या दिवशी वेगळं करा. उरलेली तीन ठिकाणं सोमवार ते बुधवार बसवा:
सोमवारी सांगली ते अक्कलकोट. मंगळवारी सकाळी गाणगापूर, मुक्कामाला परत अक्कलकोट. बुधवारी नळदुर्गमार्गे तुळजापूर आणि तिथून सोलापूर–मंगळवेढा–सांगोला करत घरी.
यात दोन्ही रात्री एकाच खोलीत राहता येतं. ११ जणांचं सामान रोज बांधून गाडीच्या टपावर चढवायचं म्हटलं की सकाळचा तास-दीड तास तिथेच जातो, तो वाचतो.

दत्तभक्त_औदुंबर
वार टाळा हे मला पटत नाही. गुरुवार हा दत्त महाराजांचा वार. गाणगापूरला जायचं तर गुरुवारीच जावं, पालखीचं सुख वेगळं असतं. गर्दीला घाबरून दर्शन होत नाही.

कृष्णाकाठचा
दादा, तुमचा भाव खरा आहे आणि चालणारी माणसं असती तर मीही गुरुवारच सुचवला असता. इथे अँजिओप्लास्टी झालेल्या आत्याबाई आहेत. ताई, घरात ज्येष्ठांना विचारूनच ठरवा. गुरुवारच हवा म्हणाले तर बुधवारी निघा आणि तुळजापूर शुक्रवारऐवजी शनिवारी करा, एक मुक्काम वाढेल.

अक्षरजुळणी_मिरज
आता फाइलचं. अक्षरं का दिसत नाहीत ते सांगतो. गुगल स्लाइड्सची नेहमीची स्लाइड आडवी, १० इंच रुंद असते. उभ्या धरलेल्या फोनचा पडदा जेमतेम पावणेतीन इंच. म्हणजे तुम्ही १८ चं टाकलेलं अक्षर डोळ्याला ५ चं दिसतं. त्यासाठी `File > Page setup > Custom` मध्ये जाऊन ४.५ बाय ८ इंच असं उभं पान घ्या आणि २० च्या खाली अक्षर उतरू देऊ नका. मजकूर मावत नसेल तर मजकूर कमी करा, अक्षर नाही.
दुसरं, मराठी टाइप कशात केलंय? जुन्या डीटीपीच्या फाँटात केलं असेल तर दुसऱ्याच्या फोनवर सगळा गचपणा दिसेल. युनिकोडमध्येच करा, `Mukta` किंवा `Noto Sans Devanagari` हे फाँट चांगले दिसतात. झालं की `File > Download > PDF Document (.pdf)`. व्हॉट्सअ‍ॅपवर ती डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा. स्क्रीनशॉट काढून फोटो म्हणून पाठवलेत तर पासावरचा क्यूआर कोड दबून जातो आणि दारात स्कॅन होत नाही.
मंदिरांचे फोटो काढा. फाइल जड झालीय ती त्यांनीच. एकूण सात-आठ पानं पुरतात: माणसं आणि गाडी, तीन दिवसांची तीन, बुकिंग, औषधं, अडीअडचण.

विश्रामबाग_सांगली
पंढरपूर वेगळं करायचं घरी पटलं. गुरुवारवरून अजून चर्चा चालू आहे, तूर्त सोमवार धरून करते. मंगळवारचं पान असं केलंय, बघा:

```
मंगळवार: गाणगापूर
५:०० चहा
५:३० निघणे
७:३० पोहोचणे
७:४५ संगम स्नान
८:३० नाश्ता
९:०० दर्शन
१०:३० खरेदी
१२:०० मधुकरी
१:०० परत
```

कृष्णाकाठचा
एवढ्या वेळा लिहिल्या की साडेआठलाच पान खोटं ठरतं, आणि मग कोणी ते उघडतही नाही. दिवसातली जी वेळ चुकली तर गोष्टच चुकते, तेवढीच ठळक लिहा. गाणगापुरात ती एकच आहे: मधुकरी, दुपारी बाराच्या सुमारास. बाकीचं नुसतं क्रमानं. मी असं करीन:

```
मंगळवार: गाणगापूर
अक्कलकोटहून पहाटे निघणे (सुमारे २ तास)
संगम, मग निर्गुण मठात पादुका दर्शन
**१२ वाजता मधुकरी: ११ पर्यंत मठापाशी**
उशीर झाला तर: संगम सोडा, मधुकरी नाही
अंधाराआधी अक्कलकोट
खोली: तीच
```

'उशीर झाला तर' ही ओळ प्रत्येक पानावर हवीच. काय सोडायचं हे घरी ठरलेलं असलं की तिथे उन्हात उभं राहून वाद होत नाहीत. संगम मठापासून दोन-तीन किलोमीटर आहे, ज्येष्ठांना चालत नेऊ नका. भीमेला पाणी जास्त असेल तर स्नान काठावरच्या लोट्यावर.
बुधवारच्या पानावर एक ओळ टाका: तुळजापूरला देऊळ खाली आहे. जाताना पायऱ्या उतरायच्या, म्हणजे दर्शन झाल्यावर दमलेल्या पायांनी चढायच्या. आत्याबाईंना परतीला दोन ठिकाणी बसायचं हे आधीच ठरवा.

माणदेशी_आटपाडी
नकाशाची लिंक टाकताना जपा. इंग्रजीत `Gangapur` टाकलं की नाशिकचं किंवा संभाजीनगर जिल्ह्यातलं गंगापूर पुढे येतं. `Deval Ganagapur` असं टाका, कलबुर्गी जिल्हा आहे ना ते बघून मगच लिंक घ्या. `Ganagapur Road` हे रेल्वे स्टेशन आहे, देवळापासून वीसेक किलोमीटर लांब. आणि त्या भागाचा नकाशा निघण्याआधी ऑफलाइन उतरवून ठेवा.
अजून एक. कार्तिकात ऊसतोड सुरू झालेली असते. बिनरिफ्लेक्टरच्या ट्रॉल्या रात्री दिसत नाहीत, त्यात सांगोला-मंगळवेढा पट्ट्यात दिंड्या चालत असतात. बुधवारी तुळजापुरातून दुपारी एकच्या आत निघा. सांगलीपर्यंत २४० किलोमीटरच्या आसपास आहे, थांबे धरून सहा तास.

सज्जनगड_सातारा
आमचं साताऱ्याहून तिरुपती आहे, रेल्वेने, सहा ज्येष्ठ. सगळ्यांना खालचा बर्थ मिळावा म्हणून एकाच तिकिटावर काढू ना?

अक्षरजुळणी_मिरज
नाही काका, उलट होईल. ज्येष्ठांच्या लोअर बर्थ कोट्यात एका तिकिटावर एक किंवा दोनच ज्येष्ठ धरतात. पुरुष ६० आणि महिला ४५ वर्षांपुढच्या. सहा जण एकत्र टाकलेत की कोटा लागू होत नाही. दोन-दोनची तीन तिकिटं काढा. बुकिंग ६० दिवस आधी उघडतं. बाकी तिरुपतीसाठी वेगळा धागा काढा, दर्शनाच्या तिकिटांचं प्रकरण मोठं आहे.

हरिपूरची_लेक
अडीअडचणीच्या पानाबद्दल: १०८ महाराष्ट्रातच चालतो. गाणगापूरला गेल्यावर कर्नाटकचा वेगळा नंबर शोधून लिहा.

परिचारिका_सांगली
ताई, १०८ कर्नाटकातही अ‍ॅम्ब्युलन्ससाठीच आहे आणि ११२ दोन्हीकडे चालतो. तुमची शंका एका अर्थी बरोबर आहे, कारण फोन ज्या राज्याच्या टॉवरवरून जातो त्या राज्याच्या केंद्रात लागतो. सीमेवर अक्कलकोट–अफजलपूर रस्त्यावर कुठला टॉवर पकडेल सांगता येत नाही. म्हणून पहिलं वाक्य जिल्हा आणि तालुक्याचं: 'कलबुर्गी जिल्हा, अफजलपूर तालुका'. हे वाक्य पानावर कन्नडमध्येही लिहून ठेवा, म्हणजे रस्त्यातल्या माणसाला फोन देता येईल.
दवाखाने दिवसानुसार लिहा, एकत्र यादी नको. अक्कलकोटला ग्रामीण रुग्णालय, मोठं काही असेल तर सोलापूर सिव्हिल. गाणगापूरच्या दिवशी अफजलपूरचं तालुका रुग्णालय, पण आत्याबाईंच्या छातीत दुखलं तर थेट कलबुर्गीचं जयदेव हृदयरोग रुग्णालय. तुळजापूरला उपजिल्हा रुग्णालय. हायवेवर गाडी बंद पडली तर १०३३.
औषधांच्या पानावर नुसती नावं नकोत. आत्याबाईंची रक्त पातळ करणारी गोळी कुठली, किती मिलिग्रॅम, शेवटची कधी घेतली, स्टेंट कधी बसवला, हे डॉक्टर पहिल्या दोन मिनिटांत विचारतात. सासऱ्यांचं इन्सुलिन डिकीत ठेवू नका, तापतं. बर्फाला थेट चिकटूही देऊ नका, एकदा गोठलं की निकामी होतं.

अक्षरजुळणी_मिरज
आणि नंबर मराठी अंकांत लिहू नका. ९८... असं लिहिलं की बहुतेक फोन त्याला फोन नंबर मानत नाहीत, दाबून कॉल लागत नाही. `112`, `108`, चालकाचा, खोलीचा, सगळे इंग्रजी अंकांत. तेच नंबर ग्रुपवर एका मेसेजमध्ये टाकून ३० दिवसांसाठी पिन करा. घाबरलेला माणूस पीडीएफ शोधत बसत नाही. हे पान मी सगळ्यात पुढे ठेवतो.

परिचारिका_सांगली
मी शेवटी ठेवते. कागदी प्रत गाडीत असते तेव्हा मागचं पान उलटं करून लगेच सापडतं.

कृष्णाकाठचा
बुकिंगच्या पानावर: खोली कुणाच्या नावावर, पावती क्रमांक, किती पैसे बाकी, आणि खोलीचा दिवस २४ तासांचा की ठरलेल्या वेळेला रिकामी करायची, हे फोन करून विचारून लिहा. ज्याच्या नावावर खोली आहे त्याचं मूळ आधार त्याच्याच खिशात. फाइलमध्ये आधारचे फोटो अजिबात नकोत, लागलंच तर मास्क केलेलं. भक्तनिवासाच्या नावाने खोट्या साइट असतात. संस्थानाची खोली म्हणतात आणि पैसे भरायच्या क्यूआरवर एखाद्या व्यक्तीचं नाव येतं, तिथेच थांबा. पैसे गेलेच तर लगेच `1930`.

विश्रामबाग_सांगली
भरलेत की मी आगाऊ एका ठिकाणी! नाव बघितलंच नव्हतं, आत्ता बघते. ३४ ची ८ पानं झाली. ट्रॅव्हलरवाला म्हणतो कर्नाटकात जायला काही लागत नाही, खरं का?

माणदेशी_आटपाडी
ऑल इंडिया टुरिस्ट परमिट असेल तरच. नसेल तर कर्नाटकचा तात्पुरता परमिट आणि कर भरल्याशिवाय सीमा ओलांडता येत नाही, आणि अडवलं तर ११ जण रस्त्यावर. पाटी पिवळी आहे ना? परमिटचा फोटो मागवा, त्यावरची मुदत बघा आणि तो पहिल्या पानावर चालकाच्या नंबरखाली लावा. फोटो देत नसेल तर गाडी बदला.

विश्रामबाग_सांगली
मागवलाय. खोलीची पावती संस्थानाच्याच नावावर निघाली. गुरुवारचं मात्र अजून ठरत नाहीये, आत्याबाई पालखीवर अडून बसल्यात.