मेलच्या तळाशी "गोपनीय आहे, वाचू नका" असं लिहिलेलं असतं, त्याला कायद्यात किती वजन?

तिरपा_कागद:
आम्ही एका टेंडरमध्ये आहोत. समोरच्या कंपनीच्या माणसाने त्यांची रेटशीट चुकून मलाच पाठवली, बहुतेक त्यांच्या ऑफिसात माझ्या नावाचं कोणीतरी असणार आणि ऑटोकम्प्लीटने घोळ केला असणार. मी फाईल उघडली, बघितली, मग खाली गेलो तर मोठा परिच्छेद: तुम्ही योग्य व्यक्ती नसाल तर वाचणं, वापरणं, पुढे पाठवणं सगळं बेकायदेशीर, लगेच डिलीट करा. माझं मत: या ओळींची किंमत शून्य. कोणाला वेगळं वाटतं का?

खवचट_खाटीक:
शून्यच! करार व्हायला दोन बाजू लागतात, मी गप्प बसलो म्हणजे हो म्हणालो असं होत नाही. इंग्लंडात 1862 मध्येच हे ठरलंय. एका काकाने पुतण्याला घोड्याबद्दल लिहिलं की तुझ्याकडून काही कळलं नाही तर घोडा माझा झाला असं समजेन, आणि कोर्ट म्हणालं की असं गप्प बसण्यातून करार होत नाही. मग तळाशी आलेल्या धमकीने मी कसा बांधला जाणार, तेही आधी सगळा मेल वाचून झाल्यावर? बिनधास्त त्यांच्यापेक्षा दोन टक्के खाली बोली लावा, त्यांची चूक त्यांनी भोगावी.

अ‍ॅड_काळाकोट:
खाटीकराव, घोड्यापर्यंत तुमचं बरोबर आहे, दोन टक्क्यांना मात्र गाडी घसरली. तळाच्या ओळीने करार होत नाही हे मान्य, पण गोपनीयतेचं बंधन फक्त करारातूनच येतं हे कोणी सांगितलं? 1988 मध्ये ब्रिटिश सरकार विरुद्ध वर्तमानपत्रं अशा एका गाजलेल्या प्रकरणात लॉर्ड गॉफ यांनी उदाहरण दिलं होतं: उघडउघड गोपनीय असलेला कागद पंख्याच्या वाऱ्याने खिडकीतून उडून गर्दीच्या रस्त्यावर पडला आणि वाटसरूने उचलला, तरी ते गोपनीय आहे हे त्याला कळलं असेल तर तो बांधला जातो. त्या कागदावर नोटीस होती की नव्हती हा मुद्दाच नाही.

तिरपा_कागद, तुमच्याकडे काय आलं? स्पर्धक कंपनीची रेटशीट, टेंडर चालू असताना. ही आपल्यासाठी नाही हे तुम्हाला पहिल्या ओळीतच कळलं, तुम्ही स्वतःच लिहिलंय की ती चुकून आली. म्हणजे खालचा परिच्छेद पुसून टाकला तरी तुमची परिस्थिती तीच. परिच्छेदाची किंमत शून्याच्या आसपास, पण फाईलची नाही.

सर्व्हर_शेजारी:
मी मेल सिस्टिम सांभाळतो म्हणून सांगतो, हा परिच्छेद कोणी विचार करून टाकत नाही. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक मेलला सर्व्हरच तो चिकटवतो, मग मेलात वाढदिवसाच्या शुभेच्छा असोत की कंपनीची जाहिरात. उत्तर-प्रत्युत्तरं वाढली की एकाच मेलखाली तो सहा वेळा येतो आणि खरा मजकूर दोन ओळी. जाहिरातसुद्धा "गोपनीय" असेल तर खरंच गोपनीय काय ते कळायचं कसं 😀

नियमावली_ताई:
हसू नका. मी कंपनीत कंप्लायन्स बघते आणि तो परिच्छेद मी काढू देणार नाही. व्यापारी गुपित म्हणून संरक्षण हवं असेल तर ते गुप्त ठेवायला तुम्ही वाजवी काळजी घेतली हे दाखवावं लागतं. उद्या कोर्टात विचारलं की काय काळजी घेतली, तर निदान हे तरी दाखवता येईल. फुकटात मिळतंय, तोटा काय?

अ‍ॅड_काळाकोट:
ताई, वाजवी काळजीचा मुद्दा खरा आहे, पण त्यासाठी त्याच फाईलवर केलेलं काहीतरी वेगळं दाखवावं लागतं. विषयाच्या ओळीत "गोपनीय: टेंडरचे दर", फाईलला पासवर्ड, कोणाकोणाला पाठवायची याची यादी. सगळ्यावर छापलेला शिक्का म्हणजे कशावरच शिक्का नाही, समोरचा वकील शुभेच्छांचा मेल पुढे ठेवून हेच म्हणणार. तोटा असा की परिच्छेद आहे म्हटल्यावर लोक पासवर्ड टाकायचा आळस करतात.

भोळा_सांब:
थोडं वेगळं विचारतो. मी नोकरीच्या भांडणाबद्दल माझ्या वकिलाशी ऑफिसच्याच मेलवरून बोलतोय. त्यांच्या मेलखाली ठळक लिहिलेलं असतं की हे वकील-अशील यांच्यातलं गोपनीय आहे. म्हणजे ऑफिसला ते वाचता येणार नाही ना?

अ‍ॅड_काळाकोट:
आजच थांबवा ते. हुबेहूब असंच न्यूयॉर्कमध्ये झालं, 2007 चा निकाल आहे. एका डॉक्टरचं बेथ इस्राएल या हॉस्पिटलशी नोकरीवरून भांडण होतं आणि तो हॉस्पिटलच्याच मेलवरून आपल्या वकिलांना लिहीत होता. वकिलांच्या मेलखाली नोटीस होती. पण हॉस्पिटलचं धोरण होतं की मेल सिस्टिम कामापुरतीच आहे, त्यात खासगी काही नाही आणि आम्ही तपासू शकतो. कोर्ट म्हणालं, अशा धोरणापुढे तळाची ठरावीक नोटीस पुरत नाही, आणि वकील-अशील संरक्षण गेलं.

आता उलट बाजू. 2010 मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयात एका कर्मचारी बाईने कंपनीचाच लॅपटॉप वापरला होता, पण मेल मात्र स्वतःच्या पासवर्डवाल्या खासगी खात्यावरून, आणि कंपनीचं धोरणही मोघम होतं. तिचं संरक्षण टिकलं. फरक खातं कोणाचं आणि धोरण काय यातून पडला. तुमच्याकडचा कायदा वेगळा असू शकतो, पण मालकाच्या मेलवर ही परीक्षा कशाला घ्यायची?

खवचट_खाटीक:
म्हणजे मी म्हणालो तेच, परिच्छेद निरुपयोगी.

नियमावली_ताई:
पूर्ण नाही हो. फाईल बघून कळत नसेल अशा वेळी काय? नुसता आकड्यांचा तक्ता आला, वर कोणाचं नाव नाही. तिथे खालची ओळ वाचूनच माणसाला शंका येईल ना?

अ‍ॅड_काळाकोट:
हो, तिथे थोडा उपयोग आहे, ताईंचा मुद्दा मान्य. मिळणाऱ्याला जाणीव होती याचा एक छोटा पुरावा म्हणून. पण तो आधी दिसला पाहिजे, जोडलेली फाईल उघडून झाल्यावर नाही.

सर्व्हर_शेजारी:
आणि पाठवणाऱ्याने रिकॉल दाबलं असेल तर विसरा, ते आपल्याच संस्थेच्या आत चालतं, बाहेर गेलेला मेल परत येत नाही. बरं काळाकोट, यांनी आता डिलीट करायचं की नाही? कारण डिलीट केलं तरी सर्व्हरच्या बॅकअपमध्ये राहणारच.

अ‍ॅड_काळाकोट:
मी असतो तर स्वतःहून डिलीट केलं नसतं. आधी पाठवणाऱ्याला दोन ओळींत कळवायचं की अमुक वेळी तुमची फाईल माझ्याकडे आली, पुढे कोणाला दिलेली नाही, काय करू सांगा. तोवर फाईल पुन्हा उघडायची नाही. आपल्या कंपनीच्या वकिलाला सांगायचं. आणि आपले दर आधीच ठरले असतील तर ते ठरल्याची तारीख दाखवणारा कागद जपून ठेवायचा, तोच उद्या तुम्हाला वाचवेल. आधीच पुसून टाकलंत तर नंतर "आम्ही वापरलं नाही" हे सिद्ध करणं अवघड जातं.

नियमावली_ताई:
मला हे पटत नाही. त्यांनी डिलीट करा म्हटलंय तर करून मोकळं व्हावं, ठेवून घेतली हेच उद्या अंगावर येईल.

तिरपा_कागद:
दर अजून ठरलेले नाहीत हीच तर गोची आहे. आणि मी फाईल कोणाला पाठवली नाही, पण साहेबांना एकूण आकडा तोंडी सांगितला. ते म्हणतात तोंडी सांगितलेलं मोजत नाही.

अ‍ॅड_काळाकोट:
मोजतं. बंधन माहितीवर असतं, कागदावर नाही. "पुढे कोणाला दिलेली नाही" हे वाक्य आता तुमच्या पत्रात टाकू नका. आज संध्याकाळच्या आत तुम्ही आणि साहेब दोघंही आपल्या वकिलाकडे बसा. या बोलीचे दर तुमच्याशिवाय दुसऱ्या कोणी ठरवता येतील का, तेही तिथेच विचारा.