रंगकामाची बिलं विरुद्ध सरसकट ३० टक्के: भाड्यावरचा कर न्याय्य आहे का?

मीनल (पुणे)
२०२५-२६ मध्ये माझा फ्लॅट वर्षभर भाड्याने होता, महिना २६,००० रुपये. भाडेकरू येण्याआधी रंगकामाला ८०,००० गेले, एजंटला २६,००० दिले. सोसायटीचा मेंटेनन्स महिना ४,००० मीच भरते. एकूण १,५४,००० खर्च झाला. सीए म्हणतात, यातलं काहीच दाखवता येणार नाही, सरसकट ३० टक्केच मिळतील. दुकानदाराला धंद्याचा खर्च वजा मिळतो, मग घरमालकाला का नाही? मला हा सरळ अन्याय वाटतो. गृहकर्जाचं व्याज वर्षाला ४,१०,००० आहे आणि पगार १८ लाख. मतं सांगा.

वसंतकाका
तीस वर्षं लोकांची रिटर्न भरली आहेत, तरी मला यात अन्याय दिसत नाही. तुम्ही नेमकं रंगकामाचं वर्ष धरलंत. तोच भाडेकरू राहिला तर पुढच्या वर्षी तुमचा खर्च मेंटेनन्सचे ४८,००० एवढाच असेल. वजावट मात्र ९०,००० च्या आसपास मिळेल, आणि तीही एकही बिल न दाखवता. ज्यांनी वर्षभरात घरावर एक रुपयाही खर्च केला नाही त्यांनाही ती मिळतेच. बिलं मागायची ठरवली तर कुठलं रंगकाम भाड्याच्या घराचं आणि कुठलं स्वतःच्या, यावरून दर वर्षी वाद होतील.

मिळकतकराबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. तो या ३० टक्क्यांच्या बाहेर आहे. भाड्यातून आधी तो वजा होतो आणि उरलेल्या रकमेवर ३० टक्के मोजतात. किती भरलात आणि कधी?

मीनल
वर्षाचा १४,००० आहे. आदल्या वर्षीचा राहून गेला होता म्हणून मे २०२५ मध्ये दोन्ही वर्षांचे मिळून २८,००० भरले. हिशेबात मी या वर्षीचे १४,०००च धरले आहेत.

वसंतकाका
ताई, पूर्ण २८,००० धरा. बिल कुठल्या वर्षाचं आहे हे इथे बघत नाहीत, मालकाने पैसे कधी भरले ते बघतात. थकबाकी असली तरी भरली त्या वर्षी वजा होते, आणि बिल आलं पण भरलं नाही तर त्या वर्षी काहीच मिळत नाही. पावतीवरची तारीख जपून ठेवा.

आता आकडे मांडतो. वर्षाचं भाडं ३,१२,०००. त्यातून २८,००० गेले की २,८४,००० उरतात. त्याचे ३० टक्के म्हणजे ८५,२००, ते वजा केले की १,९८,८००. यातून ४,१०,००० व्याज वजा केलं की २,११,२०० चा तोटा येतो. म्हणजे या वर्षी भाड्यावर तुम्हाला कर लागतच नाही. मग रंगकामाची बिलं मिळाली असती तरी फक्त तोटा फुगला असता.

एक पुण्याची गोष्ट. स्वतः राहणाऱ्याला मिळकतकरात ४० टक्के सवलत आहे, घर भाड्याने दिलं की तिचा हक्क राहत नाही. तुमच्या बिलात ती अजून लागत असेल तर आधी दुरुस्त करून घ्या, नाहीतर पुढे फरकाची मागणी येईल.

राहुल
काका, व्याज दोन लाखांपेक्षा जास्त धरता येत नाही ना? शिवाय नव्या करपद्धतीत गृहकर्जाचं व्याज मिळतच नाही. मीनलताई, डोळे मिटून जुनी पद्धत घ्या.

अनघा
राहुल, दोन लाखांची मर्यादा आहे हे खरं, पण ती कुठे लागते ते तुम्ही चुकवलंत. व्याजावर ती मर्यादा लागते ती स्वतः राहतो त्या घराच्या. भाड्याच्या घराचं व्याज कितीही असो, पूर्ण वजा होतं. मात्र त्यातून आलेला तोटा पगारातून वजा करताना दोन लाखांवर थांबावं लागतं, तेही जुन्या पद्धतीत. उरलेले ११,२०० पुढच्या आठ वर्षांत घरभाड्याच्याच उत्पन्नातून वळते होतात.

नव्या पद्धतीतही भाड्याच्या घराचं व्याज भाड्यातून वजा होतं. फक्त तोटा पगाराला लावता येत नाही. खरं म्हणजे भांडायचं तर या नियमावर भांडा. व्याज बँकेने खरोखर घेतलं आहे आणि घर खरोखर तोट्यात आहे, तरी कायदा तो तोटा पगाराशी जोडू देत नाही.

आता डोळे उघडून जुनी पद्धत तपासा. १८ लाखांतून ५०,००० ची प्रमाणित वजावट, दोन लाखांचा तोटा आणि ८० सीचे दीड लाख गेले की १४ लाख उरतात. उपकरासह कर २,४१,८००. नव्या पद्धतीत ७५,००० ची वजावट जाऊन १७,२५,००० उरतात आणि कर १,५०,८०० होतो. तोटा सोडून दिला तरी ९१,००० वाचतात. एचआरए किंवा आणखी मोठ्या वजावटी असतील तर चित्र बदलेल. जुनी घ्यायचीच असेल तर रिटर्न मुदतीत भरावं लागतं.

श्रद्धा
मी भाडेकरू आहे आणि मला उलट वाटतं. आमच्या घरात मेंटेनन्स मी भरते, गळका नळ मी बदलते आणि घर सोडताना मालक रंगाचे पैसे डिपॉझिटमधून कापतात. तरीही ३० टक्के त्यांनाच मिळतात. पगार कितीही असो, आम्हाला ७५,००० वर थांबावं लागतं, आणि भाडं वाढलं की त्यांची वजावट आपोआप वाढते. एखादी वरची मर्यादा हवीच.

वसंतकाका
श्रद्धा, मर्यादेचं तुमचं म्हणणं मला पटतं. महिना दोन लाख भाडं येणाऱ्याचा खर्च त्या प्रमाणात वाढत नाही.

संजय (नाशिक)
आमच्याकडे वडिलांचा फ्लॅट आहे, कर्ज नाही, भाडं १५,०००. घरपट्टी भाडेकरू परस्पर महापालिकेत भरतो, पावती वडिलांच्या नावाने येते. मग वडिलांना ती वजा मिळेल ना?

अनघा
नाही. पावतीवर नाव कुणाचंही असो, पैसे मालकाच्या खिशातून जायला हवेत. वडिलांनी स्वतः भरून तेवढं भाडं वाढवलं तर भाड्यात ती रक्कम धरायची आणि घरपट्टी वजा करायची. त्याने करात फरक पडणार नाही, पण कागद स्वच्छ राहतील.

मीनल
मिळकतकराचं आणि दोन पद्धतींचं कळलं, आभार. वरचे १४,००० धरल्याने ३० टक्क्यांचा आधार कमी होऊन प्रत्यक्ष फायदा ९,८०० चाच झाला, तोही लक्षात आला. पण मेंटेनन्सवर माझं मत कायम आहे. ते ४८,००० माझ्या हातात थांबतच नाहीत, सोसायटीला जातात.

वसंतकाका
त्यावर न्यायाधिकरणांचे निकाल दोन्ही बाजूंनी आहेत. भाडं मेंटेनन्ससह ठरलं असेल तर ते भाड्यातून वगळू द्यावं असं काहींनी म्हटलंय, तर तो खर्च ३० टक्क्यांतच आला असं काहींनी. भांडायची तयारी नसेल तर पुढच्या करारात भाडं २२,००० ठेवा आणि मेंटेनन्स भाडेकरू थेट सोसायटीला भरेल असं लिहा.

राहुल
आणि नव्या पद्धतीत न वापरलेला २,११,२०० चा तोटा पुढच्या वर्षीच्या भाड्याला लावता येतो का? आमचे सीए येतो म्हणतात.

अनघा
मी अशिलांना तो गेला असं धरूनच चालायला सांगते. कलम ११५ बीएसीमध्ये अशा तोट्याचा पूर्ण परिणाम दिला गेला असं मानायची भाषा आहे.

वसंतकाका
मी ती भाषा वेगळी वाचतो. बंदी दुसऱ्या शीर्षकाच्या उत्पन्नातून वजा करायला आहे. पुढच्या वर्षीचं भाडं त्याच शीर्षकाखाली येतं.